एक शेवटची तारीख, एक पान: शिष्यवृत्तीच्या शीर्षकांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, दोन संगणक, आणि शिष्यवृत्त्यांची माहिती देणारी वीसेक पाने असलेले एक साधे संकेतस्थळ. ही पाने तिघे मिळून चालवतात: निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना गाव गुरुजी म्हणते, वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई, आणि बसस्टँडजवळ सेतू केंद्र चालवणारा एक तरुण. मजकूर गुरुजींचा, चढवण्याचे काम त्या तरुणाचे, आणि लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे ताईंनी.

पानांचा वाचक दोन वाटांनी येतो. काही जण मोबाइलवर शोधून येतात. त्याहून जास्त लोक शाळेच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आलेल्या दुव्यावरून येतात. त्यातले पुष्कळजण पान उघडतच नाहीत. दुव्याखाली चौकटीत जी ओळ दिसते ती वाचतात आणि आपल्याला लागू आहे की नाही ते तिथेच ठरवून टाकतात. कास्तकाराच्या घरी मोबाइल बहुधा एक असतो, तो दिवसभर शेतात असतो आणि संध्याकाळी पोरांच्या हाती येतो. तेव्हा ती ओळ, म्हणजे पानाचे शीर्षक, हीच बऱ्याच घरांपुरती सगळी माहिती असते.

शीर्षके सुरुवातीपासून एकाच साच्यातली होती: ‘एनएमएमएस शिष्यवृत्ती योजना 2024-25 संपूर्ण माहिती’, ‘स्वाधार योजना 2024-25 संपूर्ण माहिती मराठी’. कोणासाठी, कधीपर्यंत आणि किती पैसे, हे सारे आत, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात.

अडचण कुठे दिसली

2025 च्या ऑगस्टमध्ये एनएमएमएसच्या पानावरून घोळ झाला. या शिष्यवृत्तीची रचना माहीत असल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून ती आधी.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुले तिची परीक्षा देतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न 3.5 लाख रुपयांपर्यंत असावे लागते. निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला 12,000 रुपये थेट बँक खात्यात येतात. पण यात अर्ज दोन, तेही वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वर्षी. पहिला अर्ज परीक्षेचा: आठवीत, राज्य परीक्षा परिषदेकडे, आणि तो शाळाच आपल्या लॉगिनमधून भरते. दुसरा अर्ज पैशांचा: निवड झाल्यावर नववीत, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे `scholarships.gov.in` वर. तिथे पुढे दहावी, अकरावी, बारावीत दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

2025-26 साठी पोर्टल 2 जूनला उघडले आणि विद्यार्थ्याने अर्ज करण्याची शेवटची तारीख 31 ऑगस्ट 2025 जाहीर झाली. वाचनालयाने शीर्षक बदलले: ‘एनएमएमएस शिष्यवृत्ती 2025-26, शेवटची तारीख 31 ऑगस्ट’. दोन्ही अर्जांची माहिती एकाच पानावर होती, त्यामुळे तारीख कोणत्या अर्जाची हे शीर्षकातून कळत नव्हते.

सप्टेंबर उजाडला तसे आठवीच्या मुलांचे पालक वाचनालयात येऊ लागले. “पोराचा फारम भरायचा होता जी, पण मोबाइलवर तारीख गेली म्हनते,” असे एका आईने ताईंना सांगितले. त्या मुलाच्या परीक्षेचे अर्ज तोवर सुरूच झाले नव्हते. उलट ज्यांची खरोखर घाई होती, म्हणजे नुकतीच निवड झालेली नववीची मुले, त्यांच्या घरी समज असा होता की परीक्षा पास झाली, आता पैसे आपोआप येतील. शीर्षकातली तारीख आपल्यासाठी आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

आणखी दोन गोष्टी त्याच सुमारास लक्षात आल्या. एक, मुदत पुढे वाढली, वाचनालयाने शीर्षक त्याच दिवशी बदलले, तरी गटांमध्ये ‘31 ऑगस्ट’ असाच संदेश फिरत राहिला. दोन, शेजारच्या तालुक्यातल्या एका पालकाने वाचनालयाच्याच एका जुन्या पानाचा दुवा दाखवला. त्यात उत्पन्नाची मर्यादा 1.5 लाख लिहिलेली होती. ती पूर्वी तेवढीच होती, पुढे 3.5 लाख झाली. जुने पान कोणी काढले नव्हते. ज्या घराचे उत्पन्न पावणेदोन-दोन लाख आहे ते घर असे पान वाचून गप्प बसते. तक्रार करायला येत नाही, कारण आपण अपात्रच आहोत अशी त्याची खात्री असते. चुकलेल्या तारखेवर निदान भांडण तरी होते.

शीर्षके बिघडली कशी, याचा शोध

तिघांनी बसून वीसही पाने तपासली तेव्हा बहुतेक दोष एकाच कारणाकडे गेले. जूनमध्ये त्या तरुणाने सगळ्या पानांवर ‘शोधा आणि बदला’ वापरून 2024-25 चे 2025-26 आणि सुट्या 2024 चे 2025 केले होते. काम पाच मिनिटांत झाले. पण त्याने शीर्षकातल्या वर्षाबरोबर आतल्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या तारखाही 2025 च्या झाल्या, आणि शासन निर्णयांच्या तारखासुद्धा. 2024 चा एक शासन निर्णय पानावर 2025 चा झाला होता. वाचक तो शोधायला गेला तर त्याला मिळणार नाही. शिवाय शीर्षकात नवे वर्ष दिसते म्हणून रक्कम आणि पात्रताही नवीनच असेल असे वाचणाऱ्याला वाटते. ती मात्र कोणी पाहिलेली नसते. नुसते वर्ष बदललेले पान हे न बदललेल्या पानापेक्षा धोक्याचे, कारण जुने पान जुने दिसते तरी.

दुसरे कारण तांत्रिक होते. एका पानाचे शीर्षक तीन ठिकाणी असते: शोधात दिसणारे, दुवा पाठवला की चौकटीत दिसणारे, आणि पान उघडल्यावर वर दिसणारे.

```html
<title>…</title>
<meta property="og:title" content="…">
<h1>…</h1>
```

तरुण फक्त पहिले आणि तिसरे बदलत असे. मधले, जे व्हॉट्सअ‍ॅप उचलते, ते काही पानांवर दोन वर्षांपूर्वीचे होते. उलट प्रकारही होतो: वरची मोठी ओळ नवी आणि `<title>` जुने राहिले, तर गूगल स्वतःच्या मनाने मथळा बदलून दाखवू शकते. दरवर्षी तेच पान वापरायचे आणि शीर्षकातले वर्ष मात्र जुने ठेवायचे, ही चूक गूगलच्या मार्गदर्शनातही उदाहरणासह दिलेली आहे.

कोणते पर्याय होते

*शीर्षकातून तारीख काढूनच टाकायची.* हा गुरुजींचा पहिला विचार. चुकीची तारीख देण्यापेक्षा न दिलेली बरी. पण मग ज्याला पान उघडायचेच नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि वाचनालय पुन्हा ‘संपूर्ण माहिती’वर येते. हा पर्याय मागे पडला.

*दरवर्षी नवे पान, नव्या पत्त्यावर.* तरुणाचा कल याकडे होता, कारण जुन्याला हात लावावा लागत नाही. याची किंमत 1.5 लाखाच्या पानाने आधीच दाखवली होती. पाच वर्षांत एका योजनेची पाच पाने होतात, शोधात कोणते वर येईल याचा भरवसा नाही, आणि फिरत असलेले जुने दुवे जुन्याच पानावर नेत राहतात.

*पत्ता कायम, शीर्षक परिस्थितीप्रमाणे बदलते.* पत्त्यात वर्ष नाही, पान एकच, जुनी चार पाने काढून त्यांचे दुवे या पानाकडे वळवलेले. यात दोन वर्षांपूर्वीचा संदेश उघडणाराही आजच्या माहितीवर पोहोचतो. अडचण एकच: कोणीतरी ते खरोखर बदलत राहिले पाहिजे. हा पर्याय घेतला.

पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता.

निर्णय 1: पान योजनेचे नाही, शेवटच्या तारखेचे

आधीची विभागणी योजनेवार होती. एनएमएमएस ही एक योजना म्हणून एक पान. पण ज्या पानावर दोन शेवटच्या तारखा आहेत, त्याला खरे शीर्षक देताच येत नाही. कोणती तरी एक तारीख लिहावी लागते आणि दुसऱ्या गटाची दिशाभूल होते. म्हणून नियम ठरला: शेवटची तारीख वेगळी, तर पान वेगळे, तारीख एक, तर पान एक.

त्याप्रमाणे एनएमएमएसची दोन पाने झाली. आठवीच्या परीक्षेचे एक. पोर्टलवरच्या अर्जाचे दुसरे, त्यात नववीचा नवीन अर्ज आणि दहावी ते बारावीचे नूतनीकरण एकत्र, कारण त्यांची तारीख एकच असते. पोर्टलवर विद्यार्थ्यानंतर शाळेने आणि मग जिल्ह्याने पडताळणी करायच्या तारखाही असतात. त्या शीर्षकात घ्यायच्या नाहीत असे ठरले. पालकाने ‘शाळेची तारीख अजून आहे’ म्हणून थांबायला नको.

याच नियमाने आणखी एक जुना गोंधळ सुटला. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएसशिवाय राज्याची पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षाही होती, आणि गावात दोन्हींना ‘आठवीची स्कॉलरशिप’च म्हणत. तिला उत्पन्नाची अट नाही; मंजूर झाली तर वर्षाला 7,500 रुपये. एकीचे पान वाचून दुसरीचा समज करून घेणारे पालक नेहमीच येत. दोन्ही शीर्षकांत आता उत्पन्नाचा उल्लेख सक्तीचा आहे: एकीत ‘उत्पन्न 3.5 लाखांपर्यंत’, दुसरीत ‘उत्पन्नाची अट नाही’.

निर्णय 2: पात्रतेतले शीर्षकात किती घ्यायचे

पात्रतेच्या सगळ्या अटी शीर्षकात मावत नाहीत. एनएमएमएसला सातवीत 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयाची मुले बसत नाहीत. शासनाच्या निवास-भोजनाचा लाभ घेणाऱ्या निवासी शाळांतली मुलेही बसत नाहीत, आणि आश्रमशाळा असलेल्या या भागात ती अट कळीची आहे.

निवड करताना एक कसोटी लावली: कोणती अट वाचून पालक स्वतःच, कोणाला न विचारता, बरोबर ठरवू शकतो? इयत्ता आणि उत्पन्न त्याला माहीत असते. गुणांची टक्केवारी शाळा बघतेच, तेव्हा ती शीर्षकात नको. शाळेच्या प्रकाराची अट शीर्षकात बसत नाही, पण ती पान उघडताच पहिल्या ओळीत आली पाहिजे. परीक्षेच्या पानावर ‘शाळेमार्फत’ हा एक शब्दही घातला, कारण पालक सेतू केंद्रात येऊन तो अर्ज मागत आणि तिथून तो भरताच येत नाही.

उत्पन्नाचा दाखला हे आणखी एक. तहसील कार्यालयातून दाखला मिळायला नियमाने पंधरा दिवसांपर्यंत लागू शकतात. शेवटच्या आठवड्यात जागा झालेल्या पालकाला तारीख दिसूनही उपयोग नसतो. ही गोष्ट शीर्षकात नेली नाही. पहिल्या ओळीत मात्र लिहिली: ‘दाखला नसेल तर आजच अर्ज करा.’

निर्णय 3: रक्कम कशी लिहायची

‘48,000 रुपयांची शिष्यवृत्ती’ असे शीर्षक अनेक ठिकाणी दिसते. चार वर्षांचे 12,000 धरले तर हिशेब बरोबर आहे. पण पालक ती रक्कम एकदम येईल असे समजतो, आणि दहावीत नूतनीकरण राहिले, किंवा दहावीत ठरलेले 60 टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी 55) मिळाले नाहीत, तर पुढचे पैसे थांबतात हे त्याला कळत नाही. वाचनालयाने ‘वर्षाला 12,000 रु.’ ठरवले. वर्षाला, महिन्याला की एकदाच, हा शब्द रकमेला चिकटूनच यायला हवा.

स्वाधार योजनेत रक्कम एक नाहीच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर राहण्या-जेवणासाठी ही मदत मिळते. नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला 60,000, अमरावतीसारख्या विभागीय शहरात 51,000, यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. आधीचे शीर्षक ‘60,000 रुपयांपर्यंत’ असे होते. या तालुक्यातली बरीच मुले यवतमाळलाच जातात, आणि मंजुरी आल्यावर 17,000 कोणी कापले, असे विचारत येतात. आता शीर्षकात शहराच्या नावासह दोनच आकडे आहेत: ‘यवतमाळ 43,000, नागपूर 60,000’. तिसरा आकडा पानात. वाचक कुठला आहे हे माहीत असले की हे करता येते. सबंध महाराष्ट्रासाठी लिहिणाऱ्याला जमणार नाही.

शीर्षक लिहिण्याची पद्धत

जागा किती, यावर थोडा वाद झाला. ‘साठ अक्षरे’ हा सल्ला रोमन लिपीतल्या मजकुरासाठी प्रचलित आहे. गूगल खरे तर अक्षरे मोजत नाही, पडद्याच्या रुंदीत बसेल तेवढे दाखवते. देवनागरीत मोजणी आणखी फसवी. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, पण संगणकाच्या मोजणीत अकरा चिन्हे भरतात. त्यामुळे साधनाने ‘लांब झाले’ म्हटले तरी पडद्यावर ते मावत असू शकते. उपाय साधा निघाला: नवे शीर्षक आधी ताईंच्या पाच इंची मोबाइलवर पाठवून पाहायचे. कापले गेले तर कुठे कापले गेले ते दिसते.

आणि कापले जाणारच, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इयत्ता आणि योजना, मग तारीख, मग रक्कम, मग उत्पन्न. वाचनालयाचे नाव शेवटी, किंवा नाहीच. ‘संपूर्ण माहिती’, ‘लगेच पाहा’, ‘मोठी बातमी’ हे शब्द कायमचे गेले. त्यांनी खाल्लेल्या जागेत एक तारीख बसते.

पोर्टलच्या पानाची चारही रूपे आधीच लिहून ठेवली, म्हणजे ऐनवेळी शब्द शोधावे लागत नाहीत:

जाहीर होण्याआधी: ‘नववी एनएमएमएस अर्ज 2025-26: तारीख अजून जाहीर नाही, वर्षाला 12,000 रु.’

चालू असताना: ‘नववी एनएमएमएस अर्ज: 31 ऑगस्ट 2025 पर्यंत, वर्षाला 12,000 रु., निवड झालेल्यांसाठी’

मुदत संपताच: ‘नववी एनएमएमएस अर्ज: 31 ऑगस्ट 2025 ला मुदत संपली, वाढ अजून जाहीर नाही’

कायमचे बंद झाल्यावर: ‘नववी एनएमएमएस अर्ज 2025-26 बंद, पुढचे अर्ज पुढच्या सत्रात’

तारखेबरोबर वर्ष नेहमी लिहायचे, ‘31 ऑगस्ट’वर सोडायचे नाही. हा नियम फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीतली ओळ संदेश पाठवताना त्या संदेशात चिकटते. नंतर पान बदलले तरी तो संदेश आणि त्याचे फॉरवर्ड जुनीच ओळ दाखवत राहतात. वर्ष नसलेली तारीख पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा खरी वाटू लागते.

मुदतवाढीचा घोळही इथूनच आला होता. म्हणून शेवटी तिन्ही शीर्षके सारखी ठेवण्याचा आग्रह सोडला. `<title>` आणि `<h1>` एकसारखे, पण `og:title` मध्ये थोडा फरक: ‘जाहीर तारीख 31 ऑगस्ट 2025, वाढली का ते उघडून पाहा’. तरुणाचे म्हणणे होते की या ओळीतून तारीख पूर्ण काढावी. ताई म्हणाल्या, तारीख नसेल तर लोक ‘बघू नंतर’ म्हणतात. तारीख राहिली, पण पक्की म्हणून नाही. नवी तारीख आली की दुवा पुन्हा गटात टाकताना पत्त्याच्या शेवटी `?v=2` जोडायचे, म्हणजे फोनने साठवलेली जुनी ओळ न येता नवी येते.

दरवर्षीचे काम

‘शोधा आणि बदला’ बंद झाले. त्याऐवजी वाचनालयाच्या टेबलावर एक वही आली. प्रत्येक पानाला एक ओळ: पानाचे नाव, माहिती जिथून घेतली ते पोर्टल किंवा शासन निर्णय, इयत्ता व उत्पन्न, रक्कम, शेवटची तारीख, शेवटचे तपासले त्याची तारीख, कोणी तपासले. यातले पात्रता आणि रक्कम हे दोन रकाने दरवर्षी मूळ ठिकाणी पाहून पुन्हा लिहायचे. गेल्या वर्षीच्या ओळीवरून उतरवायचे नाहीत. ते भरल्याशिवाय शीर्षकातले वर्ष बदलायचे नाही, हा गुरुजींचा हट्ट, आणि तो योग्यच आहे.

पहिली तपासणी जूनमध्ये, शाळा उघडण्याची वाट न पाहता. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, पण पोर्टल त्यासाठी थांबत नाही. 2025 मध्ये ते शाळा सुरू व्हायच्या आधीच उघडले होते. त्यानंतर प्रत्येक चालू पान शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी, त्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचे. मुदतवाढ बहुतेक वेळा अगदी शेवटी येते, त्यामुळे त्याच रात्री ‘बंद’ लिहायची घाई करायची नाही. वरचे तिसरे रूप त्यासाठीच आहे. 31 ऑगस्ट 2025 ला रविवार होता, आणि त्याच आठवड्यात गणपती बसले होते. अशा तारखेला शाळेचा लिपिक भेटत नाही, म्हणून तारीख सुटीच्या दिवशी येत असेल तर पहिल्या ओळीत कामाचा शेवटचा दिवसही द्यायचा असे ठरले.

परिणाम

ऑक्टोबरपासून ताईंकडे येणारे प्रश्न बदलले. ‘तारीख गेली का’ कमी झाले, ‘दाखल्याला किती दिवस लागतात’ वाढले. आठवीचे पालक पोर्टलच्या पानामुळे घाबरून येत नाहीत. परीक्षेच्या अर्जासाठी सेतू केंद्रात येणारेही घटले, असे तो तरुण सांगतो. ‘शाळेमार्फत’ या एका शब्दाने त्याचे थोडे गिऱ्हाईक गेले, याची त्याने तक्रार केली नाही.

सगळे सुटले असे नाही. जुने संदेश अजून फिरतात. ते परत बोलावता येत नाहीत, फक्त ते उघडणारा आता बरोबर पानावर जातो. काही शिक्षक दुवा न पाठवता पडद्याचा फोटो काढून पाठवतात, तिथे तर काहीच करता येत नाही. निदान त्या फोटोतल्या तारखेला वर्ष असते. आणि लांब शीर्षके गूगल कधी कधी स्वतः छाटून दाखवते, तेव्हा उत्पन्नाचा भाग जातो.

वेगळे काय करता आले असते

पाने फोडण्याचे काम ऑगस्टच्या आधी व्हायला हवे होते. दोन अर्ज, दोन तारखा ही रचना दरवर्षीची, त्यात अचानक काही झाले नव्हते. योजनेचे वेळापत्रक कागदावर मांडले असते तर एका पानात ते मावत नाही हे जूनमध्येच दिसले असते.

जुनी पाने शोधण्याचे कामही उलट्या क्रमाने झाले. आधी नवी शीर्षके लिहिली गेली आणि जुनी पाने नंतर वळवली. मधल्या काळात एकाच योजनेच्या दोन उत्पन्न मर्यादा शोधात एकाखाली एक दिसत होत्या. आधी जुने वळवणे, मग नवे लिहिणे, असा क्रम हवा होता.

तपासणीची जबाबदारी एकाच्या नावावर आहे हा कच्चा दुवा अजून तसाच आहे. वहीत बहुतेक सह्या ताईंच्या आहेत. त्या रजेवर असताना मुदतवाढ आली तर शीर्षक कोण बदलणार, याचे उत्तर अजून वहीत नाही. संकेतस्थळाचे लॉगिन निदान दोघांकडे द्यावे, एवढे ठरले आहे.

पुढचे काम मात्र समोर आहे. राज्याची पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून ती पाचवी-आठवीकडे गेली, आणि 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. या पानांच्या शीर्षकात इयत्ता हाच पहिला शब्द आहे. तेव्हा इथे तारीख बदलून भागणार नाही. पत्त्यात ‘आठवी’ लिहिलेले पान कायम ठेवायचे, की ते बंद करून इयत्ता नसलेल्या नव्या पत्त्याकडे वळवायचे, यावर तिघांचे एकमत झालेले नाही. गुरुजींचा कौल दुसऱ्या बाजूला आहे: परीक्षेचे नाव पत्त्यात, इयत्ता फक्त शीर्षकात.